प्रकल्प-दिनदर्शिका

एखाद्या प्रकल्पात काम नेमके कोणत्या दिवशी आणि किती तास होऊ शकते, याची नोंद ठेवणारी दिनदर्शिका. कामाला लागणारे तास वेगळे आणि ते ज्या तारखांवर बसतात त्या वेगळ्या. वेळापत्रक चुकते तेव्हा पुष्कळदा तासांचा अंदाज बरोबर असतो, पण तो ज्या तारखांवर पसरला त्या दिवशी कचेरीत कोणी नसते.

दिनदर्शिका थरांनी बांधतात. सर्वांत खाली कचेरीचा आठवडा आणि सुट्ट्या. त्यावर प्रत्येक माणसाची स्वतंत्र दिनदर्शिका. ती खालच्या सुट्ट्या आपोआप घेते आणि तिच्यात त्या माणसाची रजा व कामाचे वार भरतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये हेच थर असतात. मात्र तिथल्या मूळच्या `Standard` दिनदर्शिकेत एकही सण नसतो, तो आपणच भरायचा.

सुट्ट्यांची यादी कचेरीने जाहीर केलेलीच घ्यावी. शासकीय यादी खासगी कचेरीला जशीच्या तशी लागू नसते. शिवाय ती यादी ऐन वेळी बदलतेही. २०२५ साली ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आल्याने शासनाने ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांपुरती ५ वरून ८ सप्टेंबरला नेली. एकाच प्रकल्पाची माणसे मुंबईत आणि राज्यात अन्यत्र बसत असतील, तर खालचा थरही गावागणिक वेगळा ठेवावा लागतो.

अर्धवेळ माणूस आला की खरा घोळ सुरू होतो. पुण्यातल्या एका कचेरीचे उदाहरण घेऊ. काम ७२ तासांचे, सुरुवात सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५. रोज आठ तास धरून, फक्त शनिवार-रविवार वगळले तर ते २३ ऑक्टोबरला संपते. पण २१, २२ आणि २३ हे लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज. त्या सुट्ट्या घातल्यावर पूर्णवेळ माणसाचीच तारीख २८ ऑक्टोबर होते.

प्रत्यक्षात हे काम जिच्याकडे आहे ती सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीनच दिवस, रोज सहा तास येते. म्हणजे तिचे बारा दिवस हवेत. दिवाळीच्या तीन सुट्ट्यांपैकी दोन तिच्याच वारांवर पडतात. गुरुनानक जयंतीही, ५ नोव्हेंबरला, बुधवारीच आहे. त्यात गावाला जायचे म्हणून तिने २७ आणि २८ ऑक्टोबरची रजा टाकली आहे. एवढे धरले की काम १८ नोव्हेंबरला संपते. एक्सेलमध्ये H2 ते H7 या सहा खान्यांत या सुट्ट्या व रजा लिहून हीच तारीख मिळते:

```
=WORKDAY.INTL(DATE(2025,10,12),12,"0001111",H2:H7)
```

अवतरणातले सात अंक सोमवारपासूनचे वार आहेत. 1 म्हणजे बंद. सुरुवातीला आदल्या दिवसाची, १२ तारीख दिली आहे, कारण हे सूत्र दिलेल्या तारखेनंतरचे दिवस मोजते.

पुष्कळ जण असे वार न भरता ‘४० पैकी १८ तास, म्हणजे ४५ टक्के’ असे लिहून मोकळे होतात. मग तेच काम रोज ३.६ तासांनी पसरते आणि १७ नोव्हेंबरला संपते. एकाच दिवसाचा फरक, म्हणून हरकत नाही असे वाटेल. पण ७ नोव्हेंबरपर्यंत वेळापत्रक ५०.४ तास काम झाल्याचे दाखवते, तिचे मात्र ४२ झालेले असतात. गुरुवारी-शुक्रवारीही तिच्या नावावर काम दिसते आणि तिच्या उत्तराची वाट पाहणारा सोमवारपर्यंत अडकतो. टक्केवारी चालते ती रोज थोडा थोडा वेळ देणाऱ्याला. ठरलेल्या वारांना येणाऱ्याचे वारच भरावेत.

याहून वाईट म्हणजे दोन्ही करणे: वारही भरायचे आणि वर ४५ टक्केही लावायचे. कपात दोनदा होते, दिवसाला २.७ तास उरतात आणि वरचे काम थेट २३ डिसेंबरला जाते. ओळखायची खूण सोपी आहे. त्या माणसाचा सणासुदीचा नसलेला एखादा आठवडा उघडावा आणि बेरीज पाहावी. ती १८ तास यायला हवी; आठच्या आसपास दिसली तर कपात दोनदा झाली आहे.

अचानक येणारा ताप, मुलाची शाळा बंद अशा गोष्टी दिनदर्शिकेत मावत नाहीत; त्यांच्यासाठी कामाच्या शेवटी राखीव दिवस ठेवतात. उलट, काही कामांना सुट्टी ठाऊकच नसते. स्लॅबवर पाणी मारणे पाडव्यालाही थांबत नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये अशा कामाचा किंवा त्यानंतरच्या प्रतीक्षेचा काळ `7ed` असा, म्हणजे सुट्ट्या न वगळता सलग सात दिवस लिहितात. तिथे साधे `7d` लिहिले, तर दिवाळीच्या आठवड्यात तो काळ कारण नसताना लांबतो.