वन-टाइम पॅड

वन-टाइम पॅड (एकदाच वापरावयाची किल्ली-वही) ही गुप्तलेखनाची एक पद्धत आहे. या पद्धतीत संदेशाइतकीच लांब आणि पूर्णपणे यादृच्छिक अशी किल्ली संदेशात मिसळली जाते व वापरानंतर ती नष्ट केली जाते. किल्ली गुप्त राहिली आणि पुन्हा वापरली गेली नाही, तर हे कूट फोडणे अशक्य असते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याची गणिती सिद्धता दिली. मात्र त्यासाठी पाळाव्या लागणाऱ्या अटींमुळे ही पद्धत दैनंदिन वापरात फारशी आढळत नाही.

## कार्यपद्धती

समजा, कोल्हापूरचा पिन कोड ४१६००१ हा गुप्तपणे कळवावयाचा आहे. पाठवणारा व घेणारा या दोघांकडेच असलेल्या वहीतील पुढील सहा अंक ७३९२५८ असे आहेत. प्रत्येक अंकाची बेरीज हातचा न धरता केली जाते. म्हणजे ४ आणि ७ यांची बेरीज ११ न लिहिता १ लिहिली जाते.

```
संदेश   ४ १ ६ ० ० १
किल्ली  ७ ३ ९ २ ५ ८
कूट     १ ४ ५ २ ५ ९
```

घेणारा कूटातून तीच किल्ली त्याच रीतीने वजा करतो व मूळ संदेश मिळवतो. त्यानंतर दोघेही वहीचे ते पान नष्ट करतात.

## अभेद्यतेचे कारण

इतर बहुतेक कूटपद्धतींत सर्व किल्ल्या एकामागून एक वापरून पाहिल्यास कधीतरी अर्थपूर्ण मजकूर हाती येतो आणि तोच खरा हे ओळखता येते. येथे तसे घडत नाही. वरील कूटावर ७३४२५८ ही किल्ली वापरल्यास ४११००१, म्हणजे पुण्याचा पिन कोड मिळतो. ७४५२५८ वापरल्यास ४००००१, म्हणजे मुंबईचा. सहा अंकी प्रत्येक संख्येसाठी अशी एक आणि एकच किल्ली असते व किल्ली यादृच्छिक असल्याने त्या सर्व सारख्याच संभाव्य असतात. त्यामुळे कूट हाती येण्यापूर्वी संदेशाविषयी जे ठाऊक होते, त्यापेक्षा अधिक काहीही शत्रूला कळत नाही. कळते ती केवळ संदेशाची लांबी. संगणक कितीही वेगवान असला, तरी यात फरक पडत नाही.

## किल्लीचा पुनर्वापर

त्याच ७३९२५८ या किल्लीने पुण्याचा पिन कोडही पाठवल्यास दुसरे कूट १४०२५९ असे होते. दोन्ही कूटांची वजाबाकी केली की किल्ली पूर्णपणे गळून पडते आणि ००५००० उरते. हा दोन मूळ संदेशांमधील फरक आहे. पाच ठिकाणचे अंक समान असल्याचे त्यातून उघड होते. शिवाय पहिला संदेश कोल्हापूरचा आहे असा अंदाज बरोबर ठरला, तर दुसरा आपोआप उलगडतो.

सोव्हिएत संघाच्या बाबतीत असेच घडले. १९४२ च्या सुमारास, युद्धाच्या धामधुमीत, तेथील किल्ली-वह्यांची सुमारे ३५,००० पाने दोनदा तयार केली गेली आणि निरनिराळ्या वह्यांत बांधली गेली. अमेरिकेच्या लष्करी गुप्तलेखन विभागाने १९४३ मध्ये या संदेशांचा अभ्यास सुरू केला व पुनरावृत्ती शोधून काढली. ‘व्हेनोना’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प १९८० पर्यंत चालला. त्यात सुमारे ३,००० संदेश पूर्णतः वा अंशतः उलगडले. ज्या पानांची पुनरावृत्ती झाली नव्हती, त्यांवरील संदेश मात्र उलगडता आले नाहीत.

## व्यावहारिक मर्यादा

मुख्य अडचण किल्ली पोहोचवण्याची आहे. जितका मजकूर पाठवावयाचा, तितकीच किल्ली आधी सुरक्षितपणे पोहोचवावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील बारा तालुक्यांच्या ठिकाणी एकेक कार्यालय असून प्रत्येकाला इतर प्रत्येकाशी स्वतंत्रपणे गुप्त पत्रव्यवहार करावयाचा आहे असे मानल्यास, ६६ जोड्या होतात. दोघांनी चुकून एकच पान वापरू नये म्हणून जाण्या-येण्यासाठी वेगळ्या वह्या ठेवल्यास १३२ प्रकारच्या वह्या लागतात, आणि प्रत्येक वही दोन प्रतींत. त्या संपल्या की पुन्हा विश्वासू माणूस पाठवावा लागतो.

किल्ली खरोखर यादृच्छिक असणेही आवश्यक असते. एखाद्या लहान बीजसंख्येपासून सूत्राने अंक निर्माण केल्यास ती पद्धत वन-टाइम पॅड राहत नाही. कारण तेव्हा बीजसंख्याच शोधता येते.

याशिवाय ही पद्धत संदेशाची सत्यता राखत नाही. मूळ संदेश ४१६००१ आहे हे ठाऊक असलेला मध्यस्थ किल्ली नसतानाही कूटातील तिसरा अंक ५ ऐवजी ० करू शकतो. घेणाऱ्याला तेव्हा पुण्याचा पिन कोड मिळतो आणि फेरफार झाल्याची कोणतीही खूण दिसत नाही.

## वापर

किल्ली आधीच, सवडीने पोहोचवता येते आणि संदेश मात्र थोडे पण अत्यंत गोपनीय असतात, अशा ठिकाणी ही पद्धत उपयोगी पडते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या वॉशिंग्टन–मॉस्को थेट संपर्कव्यवस्थेत तिचाच वापर होता. किल्लीच्या फिती दूतावासांमार्फत पोहोचवल्या जात. इंटरनेटवरील व्यवहारांसाठी मात्र एईएससारख्या पद्धती वापरल्या जातात. त्यांत २५६ बिटांची एकच किल्ली प्रचंड मजकुराला पुरते. त्यांची सुरक्षितता गणिताने सिद्ध झालेली नाही. सर्व किल्ल्या तपासून पाहणे व्यवहारात अशक्य असणे आणि त्याहून सोपा उपयुक्त मार्ग न सापडणे, यांवर ती अवलंबून आहे.