मध्यधार मूत्रनमुना

मूत्राच्या कल्चर तपासणीसाठी लघवीच्या मधल्या धारेतून घेतलेला नमुना. हात व जननांगाची जागा पाण्याने धुऊन (स्त्रियांनी पुढून मागे) पहिली धार सोडून द्यायची, कारण मूत्रमार्गाच्या तोंडाशी नेहमी राहणारे जंतू तिच्याबरोबर वाहून जातात. मग धार न थांबवता निर्जंतुक डबीत 10 ते 20 मिलि. लघवी धरायची. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. घरची धुतलेली बाटली चालत नाही.

अहवालात तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू आणि सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर त्वचापेशी दिसल्या, तर बहुधा नमुनाच दूषित असतो.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा नमुना प्रयोगशाळेत पोचवण्यातला उशीरही तितकाच फसवा ठरतो. समजा, डबीत मिलिलिटरमागे 1,000 ई. कोलाय जंतू शिरले. दर अर्ध्या तासाला ते दुप्पट झाले, तर साडेतीन तासांत 1,28,000 होतात, म्हणजे संसर्गाची रूढ 1,00,000 ची मर्यादा ओलांडतात. एकाच जातीची वाढ असल्याने हा अहवाल अगदी खरा वाटतो आणि त्रास नसलेल्या माणसालाही प्रतिजैविक सुरू होते. म्हणून नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. नाहीतर फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) सुमारे 4 अंशांवर ठेवावा.