परतलेल्या भाताची गोष्ट

उरलेले अन्न किती वेळा गरम करावे, हा प्रश्न प्रत्येक स्वयंपाकघरात कधी ना कधी निघतोच. त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना सर्वांत जास्त शिकवले ते साध्या भाताने. ती हकीकत १९७१ सालची आहे, ब्रिटनमधली.

तिथल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन गेलेल्या गिऱ्हाइकांना एक ते पाच तासांच्या आत मळमळ आणि जोराच्या उलट्या होऊ लागल्या. एका दिवसात बहुतेकजण बरे झाले, पण असे प्रकार पुन्हा पुन्हा घडत राहिले. कोडे असे होते, की भात आधी खळखळून शिजवलेला आणि नंतर तापलेल्या कढईत परतलेला. दोनदा विस्तवावर चढलेले अन्न बाधावे कसे?

सापडलेला जीवाणू अगदीच अनोळखी नव्हता. त्याचे नाव बॅसिलस सिरियस. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्लोच्या एका रुग्णालयात व्हॅनिला सॉस खाऊन अनेकांना जुलाब झाले होते. नॉर्वेचे स्टाइनर हाउगे यांनी त्याचे मूळ या जीवाणूत शोधले. खात्री पटवण्यासाठी त्यांनी हा जीवाणू मुद्दाम वाढवलेला सॉस स्वतः प्यायला आणि स्वतःच आजारी पडून दाखवले!

आता भाताकडे वळू. हा जीवाणू मातीतला. तांदळाबरोबर तो बीजाणूच्या, म्हणजे जाड कवचातल्या निद्रिस्त बीच्या रूपात घरात येतो. भात शिजताना जिवंत जीवाणू मरतात, काही बीजाणू मात्र तग धरतात. त्या उपाहारगृहांत संध्याकाळी मोठ्या पातेल्यात भात शिजवून रात्रभर बाहेरच निथळत ठेवत. फ्रिजमधल्या भाताचे गोळे होतात आणि तो मोकळा परतता येत नाही, हे त्याचे कारण. अशा कोमट ढिगात बीजाणू उमलतात, जीवाणू वाढतात आणि भातातच एक विष तयार करतात. सेरेउलाइड नावाचे हे विष १२६ अंश सेल्सिअसला दीड तास तापवले तरी टिकते. मग दोन मिनिटांच्या परतण्याने त्याचे काय होणार? त्याला वास नाही, चव नाही. म्हणून भात आंबलेला वाटला नाही, यावरून तो चांगला आहे असे ठरत नाही.

१९७४ साली गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनंतर उपाय सुचवला, तो साधाच होता. भात थोडा थोडा, लागेल तसा शिजवा. तो ६३ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर लवकर निववून दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा.

आपला फोडणीचा भात याच जातीचा. रात्री नऊला उतरवलेला कुकर ओट्यावरच राहिला आणि सकाळी आठला भात फोडणीला पडला, तर मधले अकरा तास जीवाणूंना मिळाले. असा भात एकदा गरम करणेही उशिराचेच. तोच भात जेवण आटोपताच ताटात पातळ पसरला, तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत परतला, तर धोका खूपच कमी. ब्रिटनची अन्नसुरक्षा यंत्रणा सांगते, की भात फ्रिजमध्ये एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये आणि एकदाच गरम करावा.

मटणाच्या रश्श्याची तऱ्हा वेगळी. १९५३ साली ब्रिटनमध्येच बेटी हॉब्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मोठ्या भांड्यात हळूहळू निवणाऱ्या मांसात क्लॉस्ट्रिडियम नावाचा दुसरा जीवाणू वाढतो. तो मुख्यतः जिवंत पोटात गेला तरच बाधतो. म्हणून रश्श्याला खळखळून उकळी आणली तर तो मरतो, नुसता कोमट केला तर मरत नाही. रश्श्याला उकळी वाचवते, भाताला नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

मग किती वेळा? धोका गरम करण्याच्या आकड्यात नसून दोन गरम करण्यांमधल्या कोमट तासांत आहे. पण सगळे पातेले दरवेळी तापवून ओट्यावर निवत ठेवले, की असे तास प्रत्येक खेपेला वाढत जातात. म्हणून लागेल तेवढेच काढून घ्यावे, तेवढेच चांगले गरम करावे, बाकीचे फ्रिजमध्येच राहू द्यावे. वाढलेल्यातले उरले तर ते परत पातेल्यात घालू नये.

ही उलटी बहुधा दिवसभरात थांबते, नेहमीच नाही. १९९७ साली स्वित्झर्लंडमधल्या एका सतरा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. शिळी स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यावर याच विषाने त्याचे यकृत निकामी झाले आणि तो दगावला. पिठूळ अन्नाला, मग ते भाताचे असो वा गव्हाचे, रात्रभर ओट्यावर ठेवू नये, ते एवढ्यासाठी.