मोड यायला नेमकं काय लागतं? चार ग्लास, ८० मूग आणि फ्रीजमधली एक गडबड

बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. ते घरी तपासायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं.

चार ग्लास घ्या. प्रत्येकात कापूस आणि एकाच पाकिटातले २० मूग ठेवा.

अ : ओला कापूस, खोलीतलं तापमान.
ब : कोरडा कापूस. इथे फक्त पाणी नाही.
क : मूग बुडतील इतकं, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि तेलामुळे ती परत शिरायला वेळ लागतो. पाणी गरम असेल तर मूगच मरतील आणि निकाल चुकेल.
ड : ओला कापूस, पण ग्लास फ्रीजमध्ये. इथे ऊब नाही.

‘अ’ हा तुलनेचा ग्लास, म्हणजेच कंट्रोल. त्यात सगळं मिळतं, म्हणून बाकीचे तीन त्याच्याशी ताडून पाहायचे.

गडबड होते ती ‘ड’मध्ये. फ्रीजचं दार बंद झालं की आत अंधार होतो. ‘अ’ खिडकीत असेल, तर मूग थंडीमुळे रुजले नाहीत की अंधारामुळे, हे सांगताच येणार नाही. म्हणून अ, ब आणि क खोक्याखाली झाकून ठेवा. आता चौघांनाही अंधार सारखाच.

तीन दिवसांनी मोजा. साल फोडून पांढरा मोड बाहेर आला असेल, तरच तो मूग रुजला असं धरा. नुसता फुगलेला मूग धरू नका, कारण फ्रीजमध्येही मूग पाणी पिऊन फुगतात.

समजा, ‘अ’मध्ये २० पैकी १९ रुजले आणि बाकी तिन्हींत शून्य. मग निष्कर्ष असा लिहा : “अंधारात, तीन दिवसांत, पाणी, हवा आणि ऊब तिन्ही मिळालेल्या २० पैकी १९ मुगांना मोड आले. यातली एकेक गोष्ट काढल्यावर एकालाही आले नाहीत. म्हणून मुगाला मोड यायला या तिन्ही गोष्टी लागतात. उजेड लागत नाही.”

हा निष्कर्ष मुगापुरताच आहे. लेट्यूसच्या अनेक जातींचं बी उजेडाशिवाय नीट रुजत नाही.

‘अ’मध्येच पाच-सहा मूग रुजले, तर बी जुनं किंवा किडलेलं असू शकतं. तेव्हा निष्कर्ष काढू नका, ताजे मूग आणून प्रयोग पुन्हा करा.

शेवटी ‘ब’ आणि ‘ड’मधले मूग ओल्या कापसावर, खोलीत ठेवा. ज्यांना आता मोड येतील ते आधीही जिवंतच होते. ते फक्त अडून होते, एकाला पाणी हवं होतं आणि दुसऱ्याला ऊब.