टीएसएच 'नॉर्मल', तरीही थायरॉइड कमी

थायरॉइडची तपासणी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टीएसएच हा एकच आकडा येतो. तो वाढला म्हणजे थायरॉइड कमी आणि तो मर्यादेत असला म्हणजे सारे ठीक, असे गणित मांडले जाते. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते बरोबरही ठरते. मात्र बिघाड गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीत असेल, तर हेच गणित फसते. या विकाराला 'सेंट्रल हायपोथायरॉइडिझम' म्हणतात.

टीएसएच हे पियूषिकेने थायरॉइडला दिलेल्या आज्ञेसारखे आहे. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले, की निरोगी पियूषिका ही आज्ञा वाढवते. पियूषिकाच दुबळी झाली, तर थायरॉक्सिन घटूनही टीएसएच वाढत नाही. ते कमी तरी असते किंवा सामान्य मर्यादेत दिसते. काही रुग्णांत अशी पियूषिका सदोष घडणीचे टीएसएच सोडते. प्रयोगशाळेतील चाचणी त्याचे रेणू मोजते, पण त्यांचा जोर मोजत नाही. त्यामुळे अहवालात आकडा ठीक दिसतो आणि थायरॉइडला मात्र पुरेशी चालना मिळत नाही.

पियूषिकेतील गाठ, त्या गाठीची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार ही या विकाराची नेहमीची कारणे आहेत. बाळंतपणातील अतिरक्तस्रावानेही ही ग्रंथी निकामी होऊ शकते. त्याला 'शीहान सिंड्रोम' म्हणतात. कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवे, ते म्हणजे घोणसाचा दंश. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि काही रुग्णांत पियूषिकेचा रक्तपुरवठाही तुटतो. भारत व म्यानमार येथील डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. दंशातून माणूस वाचतो, पण पियूषिकेची लक्षणे कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी ध्यानात येतात.

नमुन्यादाखल एक उदाहरण घेऊ. रात्री उसाला पाणी पाजताना ४५ वर्षांच्या शेतकऱ्याला घोणस चावला. डायलिसिस करावे लागले, पण तो वाचला. दोन वर्षांनंतर त्याला सतत थकवा येतो, थंडी सोसत नाही, भूक मंदावली आहे आणि दाढीचे केस विरळ झाले आहेत. टीएसएच २.८, म्हणजे मर्यादेत. एवढ्यावरच थांबले, तर निदान हुकते. फ्री टी-४ तपासल्यावर ते ०.५ नॅनोग्रॅम निघते; त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा ०.८ ते १.८ आहे. टी-४ कमी असताना टीएसएच वाढलेले नाही, हीच निदानाची खूण. गंभीर आजारात रुग्णालयात दाखल असलेल्यांतही असे आकडे तात्पुरते दिसू शकतात, म्हणून बरे झाल्यावर चाचणी पुन्हा करतात.

थायरॉक्सिनची गोळी सुरू करण्यापूर्वी सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल पाहणे अत्यावश्यक असते. पियूषिका अधिवृक्क ग्रंथींनाही चालना देते. त्यामुळे कॉर्टिसॉलही कमी असण्याचा संभव असतो. थायरॉक्सिनमुळे शरीरातील कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्च होते. कॉर्टिसॉल आधीच कमी असेल, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. आपल्या रुग्णाचे कॉर्टिसॉल कमी निघाले, म्हणून त्याला आधी हायड्रोकॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांनी थायरॉक्सिन सुरू केले. पियूषिकेचा एमआरआय आणि तिच्या इतर संप्रेरकांची तपासणीही झाली.

थायरॉक्सिनची पूर्ण मात्रा साधारणतः दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम धरतात. साठ किलोच्या या रुग्णाला ती सुमारे १०० मायक्रोग्रॅम होते. सुरुवात ५० ने केली. आठ आठवड्यांनी अहवाल आला : फ्री टी-४ १.० आणि टीएसएच ०.०५. येथे दुसरा सापळा आहे. टीएसएच पाहून 'मात्रा जास्त झाली' असे वाटते आणि गोळी कमी केली जाते. वास्तविक उपचारानंतर अशा रुग्णाचे टीएसएच जवळजवळ शून्यावर जाणे अपेक्षितच असते. फ्री टी-४ मात्र मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागात आहे, म्हणजे मात्रा अपुरी आहे. ती टप्प्याटप्प्याने १०० केल्यावर टी-४ १.५ वर आले आणि थकवा ओसरला. टी-४ वरच्या अर्ध्या भागात राखणे, हे तरुण व मध्यमवयीन रुग्णांतील उद्दिष्ट असते. वृद्ध आणि हृदयरुग्णांत मात्रा अधिक सावधपणे वाढवतात.

रक्ताचा नमुना त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी द्यावा, कारण गोळीनंतर काही तास टी-४ वाढलेले दिसते. डॉक्टर बदलल्यास 'माझा बिघाड पियूषिकेचा आहे' हे आवर्जून सांगावे. ताप किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते. ते औषध स्वतःहून कधीही बंद करू नये.