शिवी, फुली आणि कंस : कर्णबधिरांसाठीच्या उपशीर्षकांतील असभ्य शब्दांचा इतिहास

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा ऐकू येणारा व ऐकू न येणारा असे प्रेक्षकांचे दोन वर्ग नव्हते. पात्रांचे बोलणे दोघांनाही दृश्यांच्या मधल्या मजकुरावरूनच वाचावे लागे. १९३२ साली 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि पुढील वर्षी ही कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. चित्रपटाला वाणी मिळाली, परंतु तो मधला मजकूर गेला व त्याबरोबर कर्णबधिर प्रेक्षकाची वाटही बंद झाली. असाच अनुभव अमेरिकेत आलेल्या एमर्सन रोमेरो या कर्णबधिर नटाने १९४७ च्या सुमारास बोलपटांच्या दृश्यांमध्ये पुन्हा मजकुराचे तुकडे जोडून ते कर्णबधिरांस दाखविण्याचा प्रयत्न केला. १९५८ साली तेथे अशा चित्रपटांसाठी कायदा झाला आणि मार्च १९८० पासून दूरचित्रवाणीवर, ज्याला हवी त्यालाच दिसणारी उपशीर्षके नियमितपणे सुरू झाली.

या उपशीर्षकांचे, म्हणजे रूढ शब्दांत सबटायटलांचे, कार्य परभाषिकांसाठीच्या उपशीर्षकांहून मुळातच वेगळे आहे. परभाषिक प्रेक्षकाला शब्दाचा अर्थ कळत नसला तरी आवाज ऐकू येतो. बोलणारा चिडला आहे, लाडात आला आहे की टोमणा मारीत आहे, हे तो कानाने ताडतो. कर्णबधिर वाचकास शब्दही डोळ्यांनीच घ्यावा लागतो व सूरही. म्हणून संवादाबरोबर कंसात ध्वनीची व स्वराची सूचना देण्याची पद्धत पडली : [दार आपटते], [पुटपुटत], [उपरोधाने]. या पद्धतीची खरी कसोटी शिवीच्या ठिकाणी लागते. कारण शिवीचा अर्थ कोशात थोडा व सुरात फार असतो, आणि शिवी ही वारंवार कोणीतरी मध्येच झाकलेली असते.

झाकलेली शिवी कागदावर कशी दाखवावी, याची मराठीस जुनी सवय आहे. छापील मजकुरात असभ्य शब्द आला की त्याच्या जागी फुल्या मारावयाच्या, हा संकेत इतका रुळला की तो उलट बोलण्यात उतरला. 'त्याने मला फुल्या फुल्या म्हटले' असे मराठी माणूस सहज म्हणतो. लेखनातील चिन्हाचे नाव हेच येथे उच्चारलेल्या शिवीचे सभ्य रूप झाले. परंतु छापील फुलीचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. फुली पाहून शब्द लेखकाने झाकला, संपादकाने झाकला की मुळात बोलणाराच अडखळला, हे वाचकास कळत नाही. कथेत हा मोघमपणा खपून जातो. उपशीर्षकात तो खपत नाही, कारण शेजारी बसलेल्या श्रोत्यास नेमके काय घडले ते ऐकू आलेले असते.

चित्रपटात शब्द झाकण्याचे काम १९५२ च्या कायद्याखालील परीक्षण मंडळाच्या आदेशाने होते. आदेश झाला म्हणजे निर्माता त्या जागी आवाज बंद करतो, एखादी शिट्टी टाकतो किंवा निराळा, निरुपद्रवी शब्द भरतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी वर्ज्य शब्दांची एक यादीच प्रसृत केली होती. मंडळाच्याच सदस्यांनी विरोध केल्यामुळे ती लवकरच रोखून धरण्यात आली. यादी गेली, तरी शब्द मुका करण्याची रीत राहिली. अशा मुक्या जागेचे लेखन कसे करावयाचे, हा उपशीर्षककाराचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा तपशीलवार विचार ब्रिटनच्या बीबीसीने आपल्या उपशीर्षकविषयक नियमांत केलेला आढळतो. त्यांचा पहिला नियम असा की, जो कठोर शब्द ऐकू येतो तो उपशीर्षकात गाळू नये. जागा अपुरी असल्यास वाक्यातील दुसरे काहीतरी कमी करावे. शिवी गाळलेली कर्णबधिर प्रेक्षकांस अतिशय चीड आणणारी व आपणास लहान लेखणारी वाटते, असे कारणही तेथे दिले आहे. मूळ ध्वनीतच शब्द झाकला असेल, तर झाकण्याचा प्रकार दाखवावा. शिट्टी असल्यास 'बीप' असे वेगळ्या रंगात लिहावे, आवाज मधेच बुडविला असल्यास ऐकू आलेला अंश लिहून पुढे तीन टिंबे द्यावीत, दुसरा शब्द भरला असल्यास तोच लिहावा, आणि पात्राने आवाज न काढता नुसते ओठ हलविले असल्यास कंसात तसे सांगावे.

ही व्यवस्था मराठीत लावून पाहू. पात्राचे वाक्य आहे : 'हरामखोर, आता आलास?' पात्र स्पष्ट बोलले असेल, तर हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. शब्दावर शिट्टी असेल, तर '[बीप], आता आलास?' असे होईल. शेवट मुका केला असेल, तर 'हरा… आता आलास?' असे लिहावे लागेल. निर्मात्याने 'हरामखोर'वर 'आळशी' भरला असेल, तर ओठांची हालचाल वेगळी दिसत असूनही 'आळशी'च लिहावयाचा. ओठ वाचू शकणाऱ्या कर्णबधिर प्रेक्षकास ही विसंगती जाणवते. पण जाणत्या श्रोत्यासही ती जाणवतेच, म्हणून दोघेही समान पातळीवर राहतात. पात्र नुसतेच पुटपुटले असेल, तर '[ओठांतल्या ओठांत] हरामखोर, आता आलास?' हे योग्य ठरेल. या पाच ओळींत पाच निरनिराळ्या घटना आहेत. कोठे परीक्षकाने हात घातला आहे, कोठे प्रसारकाने, कोठे निर्मात्याने, तर कोठे पात्राचा स्वतःचा धीर झालेला नाही. सर्व ठिकाणी सरसकट 'ह××××' छापले, तर ही सर्व माहिती नाहीशी होते, आणि प्रथम प्रसंगात तर जे झाकलेलेच नव्हते ते उपशीर्षककाराने स्वतःच्या अंगी झाकले असे होते.

रोमन लिपीसाठी केलेला नियम नागरीत आणताना एक अडचण उभी राहते. रोमन लिपीत शब्दाचे पहिले व्यंजन एकटे लिहिता येते. नागरीत अक्षर हे व्यंजन व स्वर मिळून होते. 'भिकारडा' हा शब्द पहिल्या व्यंजनानंतर लगेच तोडला, तर 'भ…' लिहिल्याने न ऐकलेला 'अ' येतो, 'भि…' लिहिल्याने न ऐकलेला 'इ' येतो. शिवाय ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येत असूनही लेखनात आधी पडते, त्यामुळे डोळ्यास स्वराची चाहूल व्यंजनाच्याही आधी लागते. 'भ्…' असे हलन्त लिहिणे शास्त्रशुद्ध असले, तरी पळत्या ओळीत ते वाचकास अडखळविते. म्हणून तोड अक्षराच्या सीमेवर मानणे आणि पूर्ण ऐकू आलेले अक्षरच लिहिणे हाच व्यवहार्य मार्ग होय. पहिले अक्षरही पुरते ऐकू आले नसेल, तर नुसते '[आवाज बंद]' पुरे. फुल्यांची संख्याही अक्षरांवरून मोजावी. 'हरामखोर' पाच अक्षरांचा आहे, मात्रा व व्यंजने सुटी मोजल्यास शब्द उगाच लांबतो.

झाकलेल्या शिवीहून झिजलेली शिवी अधिक अवघड असते. 'तुझ्या आईला' या शब्दांपासून 'च्यायला' व 'आयला' ही रूपे बनली. पुण्याच्या रस्त्यावर 'आयला, पाऊस आला' असे म्हणणाऱ्याच्या मनात कोणाची आई नसते, ते केवळ आश्चर्य होय. 'च्यायला'त थोडा वैताग अधिक आहे, आणि पूर्ण रूप उच्चारले तर भांडण आहे. सभ्य उपशीर्षककार 'आयला'चे 'अरे बापरे' करतो, तेव्हा तो पात्राची वस्तीच बदलतो. व्याकरणनिष्ठ उपशीर्षककार मूळ रूप पुन्हा उभे करतो, तेव्हा तो मित्रांच्या गप्पांत मारामारी घुसवितो. झीज हीच येथे अर्थाची वाहक आहे, म्हणून झिजलेले रूप झिजलेलेच लिहिले पाहिजे. लांबविलेला स्वर दाखविण्यास मराठीजवळ अवग्रह आहेच : 'च्याऽऽयला!' हे एक चिन्ह '[लांब स्वरात]' या सूचनेची जागा वाचविते. दोन ओळींच्या मर्यादेत, काही क्षणच टिकणाऱ्या मजकुरात ही बचत लहान नव्हे. बोलीतील 'केलं', 'गेलं' ही रूपे 'केले', 'गेले' अशी ग्रांथिक केल्यासही असाच तोटा होतो. शिवी बोलीत व क्रियापद ग्रंथात, अशी विजोड वाक्ये मग पडद्यावर येतात.

याउलट काही ठिकाणी शब्द अगदी सभ्य असून स्वर मात्र झोंबरा असतो. 'या साहेब, लवकर आलात' या पुणेरी स्वागतात आदरार्थी बहुवचन हेच शस्त्र आहे. कानाने ऐकणारा ते तत्काळ ओळखतो, केवळ वाचणारा फसू शकतो. बीबीसीच्या पद्धतीत अशा वाक्यापुढे कंसात उद्गारचिन्ह घालतात : 'लवकर आलात(!)'. मराठी वाचकास हे चिन्ह वृत्तपत्रांतून परिचित आहे, त्यामुळे ते '[उपरोधाने]' या लांब सूचनेहून सुटसुटीत पडते. पण दृश्यात घड्याळाकडे नजर टाकलेली दिसत असेल, तर दोहोंचीही गरज नाही. जे डोळ्यांस दिसते ते कंसात सांगणे म्हणजे वाचकाची बुद्धी कमी लेखणे होय.

शब्दाचे वजन चुकले म्हणजे काय होते, याचा एक सार्वजनिक दाखला 'सेक्रेड गेम्स' या मुंबईवरील मालिकेने दिला. २०१८ सालच्या या मालिकेत गणेश गायतोंडे हे पात्र राजीव गांधींस 'फट्टू' म्हणते. तो हिंदी शब्द उद्धट खरा, पण अर्थाने 'भेदरट' एवढाच. इंग्रजी उपशीर्षकात त्यासाठी स्त्रीच्या अवयवावरून आलेली शिवी योजली होती. जुलै २०१८ मध्ये कोलकात्यात जी तक्रार झाली तिच्यात उपशीर्षकातील त्या शब्दाचाही उल्लेख होता, व पुढे तेथे सौम्य इंग्रजी शब्द घालण्यात आला. ही उपशीर्षके अनुवादाची होती. परंतु हिंदी ऐकणाऱ्यास मूळ शब्द ताडून पाहता आला, कर्णबधिर वाचकापाशी तो उपायही नव्हता. त्याच्या दृष्टीने गायतोंडे जे लिहिले तेच बोलला.

भारतात हा विषय आता केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दृक्‌श्राव्य माध्यमांतील उपशीर्षकांची जबाबदारी शासनावर टाकली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण' चित्रपटाच्या निर्मात्यांस हिंदी उपशीर्षके व ध्वनिवर्णन तयार करून परीक्षण मंडळाकडे सादर करण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने चित्रपटगृहांसाठी मानके जाहीर केली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांस सहा महिन्यांची व इतरांस दोन वर्षांची मुदत तीत होती.

या क्रमातून एक सूक्ष्म प्रश्न निघतो. मंडळाने ध्वनीतून काढलेला शब्द उपशीर्षकात राहिला, तर कर्णबधिरास श्रोत्याहून अधिक मिळते. मंडळाने ठेवलेला शब्द उपशीर्षककाराने गाळला, तर उणे मिळते. समतेच्या दृष्टीने दोन्ही दोषच होत. परंतु पहिला दोष परीक्षणाच्या वेळी सापडतो, दुसरा सापडत नाही, कारण सभ्यतेच्या बाजूने झालेली चूक कोणी तक्रारीस नेत नाही. ती ओळखावयाची रीत साधी आहे. आवाज बंद करून उपशीर्षके वाचावीत, मग पडदा झाकून नुसता आवाज ऐकावा, आणि दोन्ही वेळा पात्र तितकेच उद्धट वाटते का ते पाहावे.