‘किती एमएल द्यायचं?’ या प्रश्नाला लगेच आकडा का मिळत नाही?

समजा, जालना-भोकरदन रस्त्यावरच्या राजूरमधून रात्री अकरा वाजता कुणीतरी ओळखीच्या नर्सला मेसेज करतं: ‘लेकराला ताप आहे, पॅरासिटामॉलचं सिरप घरात आहे, किती एमएल द्यायचं? बाळ’. मेसेज तिथेच तुटतो. रेंज गेली असेल किंवा बाळ रडायला लागलं असेल. अशा वेळी जाणकार माणूस आकडा सांगत नाही, उलट प्रश्न विचारतो. विचारणाऱ्याला हे टाळाटाळीसारखं वाटतं आणि राग येतो. पण तो आकडा कुणी लपवून ठेवलेला नसतो. वजन कळेपर्यंत तो तयारच होत नाही.

मुलांसाठी पॅरासिटामॉलचा हिशोब दर किलो वजनामागे होतो. एका वेळी साधारण १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो, दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस. आता एकाच घरातली दोन मुलं घ्या. धाकटी दहा महिन्यांची, वजन ८ किलो. तिला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम. थोरला पाच वर्षांचा, १६ किलोचा. त्याला १६० ते २४०. दोघंही घरच्यांसाठी ‘लेकरू’च, पण औषध बरोबर दुप्पट.

इथवर हिशोब मिलिग्रॅममध्ये आहे, प्रश्न मात्र एमएलचा होता. खरी फसगत इथे होते, कारण दुकानात पॅरासिटामॉलच्या बाटल्या एकाच ताकदीच्या नसतात. कुठल्या सिरपच्या ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, कुठल्या ५ एमएलमध्ये २५०. आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये अनेकदा एका एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम. ‘ड्रॉप्स म्हणजे सौम्य’ हा समज उलटा आहे. छोट्या बाळाला थेंबभर पुरावं म्हणून ते औषध जास्त दाट केलेलं असतं.

म्हणजे शेजारणीने सहज सांगितलं, ‘आमच्याकडे पाच एमएल देतो,’ तर त्या ८ किलोच्या मुलीचं काय होईल? १२० च्या सिरपमधून तिला मर्यादेतला डोस जाईल. २५० च्या सिरपमधून वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त जाईल. आणि ड्रॉप्स पाच एमएल दिले तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त. शेजारीण खोटं बोललेली नसते. तिच्या मुलाला आणि तिच्या बाटलीला तो आकडा बरोबर असेलही.

वजन माहीत नसेल तर वय सांगून चालेल का? अंदाजाला चालतं, पण आपल्याकडे दोन वर्षांचं एक मूल ९ किलोचं असतं आणि दुसरं १३ किलोचं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून नोंद ठेवतात, ती आधी पाहा. नाहीतर बाळाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन त्यातून वजा करा. वय मात्र वेगळ्या कारणासाठी हवं असतं: काही वेळा उत्तर आकडा नसून ‘देऊ नका’ असं असतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध मोजत न बसता थेट दवाखान्यात नेतात. सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असेल, तर ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. अशा काही सिरपमध्ये पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं, की डोस नकळत दुप्पट होतो. म्हणून ‘आज आणखी काय दिलंय, किती वाजता?’ हेही विचारलं जातं.

घरातल्या चमच्याने मोजू नका. चमचे लहानमोठे असतात. बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

जास्त डोस गेला की मूल लगेच वेगळं दिसेल, असं नाही. पहिल्या दिवशी ते खेळतही असेल, फार तर मळमळ किंवा उलटी होईल. यकृताला झालेली इजा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांनी उघड होते. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध आहे आणि ते पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. त्यामुळे ‘बरं दिसतंय, सकाळी बघू’ म्हणून थांबू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. बाटली सोबत घ्या, किती आणि किती वाजता दिलं ते कागदावर लिहा आणि रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.